एक खातं, तीन कार्डं

ॲड-ऑन कार्डाबद्दल लोक विचारतात तो प्रश्न बहुधा असा असतो : "कार्डावर नाव माझं छापलंय, पिन माझा आहे, खरेदीही मीच करते. मग बिल आईच्या नावावर का येतं?" आणि आईचा प्रश्न नेमका उलटा : "मी तर दुकानात पाऊलही टाकलं नाही. मग हे पैसे मी का भरायचे?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचं उत्तर कळलं की लिमिट वाढवून घ्यावं की कमी करून घ्यावं, हेही ठरवता येतं. म्हणून आधी जबाबदारीचं बघू आणि मग लिमिटकडे येऊ.

१. कार्ड वेगळं, खातं तेच

क्रेडिट कार्ड देताना बँक एका माणसाचं उत्पन्न तपासते, त्याच्या पॅनवरचा कर्जाचा इतिहास बघते आणि त्याच्या भरवशावर उधारीचं एक खातं उघडते. तो मुख्य कार्डधारक. त्याने सांगितलं तर बँक त्याच खात्यावर आणखी कार्डं देते, नवरा किंवा बायको, आईवडील, सज्ञान मुलं, भावंडं यांच्या नावाने. ही झाली ॲड-ऑन कार्डं. त्यांच्यासाठी ओळखीची कागदपत्रं लागतात, पण ॲड-ऑन घेणाऱ्याचं उत्पन्न विचारलं जात नाही. कॉलेजात शिकणारी मुलगी आणि निवृत्त आजोबा या दोघांनाही ॲड-ऑन कार्ड सहज मिळतं ते यामुळेच.

उत्पन्न विचारलं नाही याचा अर्थ त्या माणसाच्या भरवशावर उधारी दिलेलीच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत हे स्पष्ट आहे : ॲड-ऑन कार्ड द्यायचं ते देणं मुख्य कार्डधारकाचं राहील हे गृहीत धरूनच, आणि मुख्य धारकाने ज्यांची नावं दिली आहेत त्यांनाच. तेव्हा मुलीने पुण्यात केलेली खरेदी बँकेच्या लेखी आईने केलेली खरेदीच असते. काही बँकांच्या करारपत्रात ॲड-ऑन धारकालाही मुख्य धारकासोबत जबाबदार धरणारं कलम असतं, म्हणून ते पान सही करण्याआधी वाचावं. पण त्या कलमाने आईची जबाबदारी कमी होत नाही, फार तर तिच्याबरोबर आणखी एक नाव येतं.

इथे बँकेतल्या जॉइंट खात्याची आठवण येते आणि तिथेच गफलत होते. जॉइंट खात्यात दोघं खातेदार असतात, पैसे दोघांचे असतात. ॲड-ऑन कार्डात खातेदार एकच आणि वापरणारे अनेक. आईला न विचारता मुलगी लिमिट वाढवून मागू शकत नाही किंवा खातं बंद करू शकत नाही. आई मात्र मुलीचं कार्ड तिला न विचारता बंद करू शकते.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते ती आईच्या नावाने. "मुलीचा सिबिल स्कोअर तयार व्हावा म्हणून ॲड-ऑन दिलं" असं सांगणारे पालक भेटतात. त्या भरवशावर राहू नये. ज्या उधारीचं देणं तिच्यावर नाही, ती वेळेवर फिटली म्हणून तिची पत मोजण्याचं कारण बँकेला उरत नाही. मुलीची पत तिच्याच नावावर उभी करायची असेल, तर तिच्या नावे मुदत ठेव करून त्या ठेवीवर मिळणारं छोट्या लिमिटचं स्वतंत्र कार्ड घेणं जास्त उपयोगाचं.

२. लिमिट सगळ्यांचं मिळून एक

सोसायटीच्या गच्चीवर एक टाकी आणि खाली तीन घरांत तीन नळ, अशी कल्पना करा. नळ तीन झाले म्हणून पाणी तिप्पट होत नाही. एकाने बादल्या भरून ठेवल्या की दुसऱ्याच्या नळाला धार बारीक येते. कार्डाचं लिमिट ही टाकी आहे आणि घरातलं प्रत्येक कार्ड हा एक नळ. दोन लाखांच्या लिमिटवर तीन कार्डं घेतली, तर घराकडे सहा लाख आले असं होत नाही, ते दोन लाखच राहतात.

ठाण्यातलं एक घर उदाहरणाला घेऊ. आई नोकरी करते, हातात महिन्याला ८५,००० रुपये येतात. कार्ड तिच्या नावावर, लिमिट २,००,००० रुपये. बाबांचा छोटा व्यवसाय आहे, त्यांच्याकडे ॲड-ऑन. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, तिच्याकडे दुसरं ॲड-ऑन. दर महिन्याच्या १८ तारखेला बिल निघतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७. आधीचं बिल पूर्ण भरून झालं आहे.

२५ जूनला मुलीने ६४,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. आईला विचारूनच घेतला आणि पैसे दोन महिन्यांत बाबा देतील असं ठरलं. १ जुलैला बाबांनी गाडीचं काम केलं आणि टायर बदलले, ३८,००० रुपये. ५ जुलैला आईने घरखर्च आणि विम्याचा हप्ता मिळून ३२,००० रुपये भरले. १० जुलैला मुलीने कपडे आणि पुस्तकं घेतली, ९,००० रुपये. यांतला एकही खर्च उधळपट्टीचा नाही. बेरीज झाली १,४३,००० रुपये.

१६ जुलैला संध्याकाळी आजींचा ताप उतरेना म्हणून त्यांना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. काउंटरवर ६०,००० रुपये डिपॉझिट मागितलं. आईने कार्ड दिलं, मशीनमध्ये घातलं, पिन दाबला. चिठ्ठी बाहेर आली ती नकाराची. काउंटरवरच्या मुलाने कार्ड पुसून पुन्हा घातलं, पुन्हा तेच. आईच्या मनात एकच हिशोब : मी तर या महिन्यात बत्तीस हजारच खर्चले, दोन लाखांतले. तिने ॲप उघडलं तेव्हा शिल्लक लिमिट ५७,००० दिसलं. तीन हजार कमी पडले आणि सगळा व्यवहार नाकारला गेला. मशीनला जेवढं आहे तेवढं घेता येत नाही, रक्कम पूर्ण बसली तरच व्यवहार होतो. शेवटी तिने बचत खात्यातून साठ हजार दिले.

सगळ्यांनी सांगून-सवरून खर्च केला तरी असं होतं, कारण टाकीत किती उरलं हे कोणी मोजत नाही. आणि जे दिसत नाही तेही टाकीतली जागा अडवून बसतं. बिल निघालं पण अजून भरलं नाही, ती रक्कम अडकलेली असते. हॉटेलने खोली देताना आगाऊ रोखून ठेवलेली रक्कमही अडकलेलीच. खरेदी हप्त्यांवर केली असेल तर बहुतेक बँका सुरुवातीलाच उरलेली पूर्ण मुद्दल लिमिटमधून अडवतात आणि हप्ता भरला जाईल तशी थोडीथोडी मोकळी करतात. मुलीने तोच लॅपटॉप बारा हप्त्यांवर घेतला असता, तरी १६ जुलैला आईला हाच नकार मिळाला असता.

३. वाटणी घरात, व्याज सगळ्यांवर

१८ जुलैला बिल निघालं, १,४३,००० रुपये. बिलावर प्रत्येक कार्डाचे व्यवहार वेगळे दाखवलेले असतात, कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून ओळखता येतात. त्यामुळे कोणी काय घेतलं यावर घरात वाद होऊ नये. वाद होतो तो पुढे. बचत हॉस्पिटलात गेलेली, म्हणून आईने ७ ऑगस्टला पगारातून ७०,००० भरले. म्हणजे तिचे ३२,००० आणि बाबांचे ३८,०००. मुलीचे ७३,००० तसेच राहिले, "ते पुढच्या महिन्यात" म्हणून.

किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के धरली तर ७,१५० रुपये होते. त्याच्या कितीतरी पट भरलंय, म्हणून उशिराचा दंड नाही आणि थकबाकीचा शेराही नाही. घराला वाटतं, व्याज लागलंच तर उरलेल्या ७३,००० वर, तेही ७ ऑगस्टनंतरचं.

बँकेचा हिशोब तसा चालत नाही. बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळणारी सवलत आहे. बिल पूर्ण भरलं नाही की ती सवलत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. व्याज महिना ३.५ टक्के धरू. कार्डांवर हा दर नेहमी दिसतो आणि तो वर्षाला ४२ टक्के होतो. लॅपटॉपचे ६४,००० रुपये २५ जूनपासून १८ ऑगस्टच्या पुढच्या बिलापर्यंत ५४ दिवस उधार राहिले, त्यांचं व्याज सुमारे ३,९७७ रुपये. कपडे-पुस्तकांचे ९,००० रुपये ३९ दिवस, व्याज सुमारे ४०४. इथपर्यंतचं मुलीच्या खरेदीचं.

आता आईचं बघा. तिने २० जुलैला १२,००० रुपयांचा किराणा आणि औषधं नव्याने घेतली. एरवी या खरेदीवर ७ सप्टेंबरपर्यंत एक पैसाही व्याज लागलं नसतं. पण खात्यावर जुनी बाकी राहिली, म्हणून नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. २९ दिवसांचे सुमारे ४०० रुपये तिच्या किराण्यावर लागले. एकूण व्याज झालं ४,७८१ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ५,६४० रुपये. हा कमीत कमी आकडा आहे. भरलेल्या ७०,००० वरही, खरेदीच्या दिवसापासून ते भरल्या दिवसापर्यंतचं व्याज लावणाऱ्या बँका आहेत. आपली बँक कसं मोजते ते कार्डाच्या महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात आकड्यांच्या उदाहरणासह दिलेलं असतं. सबंध पत्रकात एवढं एक पान तरी वाचावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

बँकेला घरातली वाटणी माहीत नसते. एकाचा वाटा उरला तर सवलत सगळ्यांची जाते, ज्याने आपला वाटा वेळेवर दिला त्याचीसुद्धा. म्हणून आपापला वाटा आपापल्या सोयीने भरण्याची पद्धत ॲड-ऑन कार्डावर चालत नाही. बिल एकरकमी आणि पूर्ण भरायचं. कोणाचं किती देणं आहे ते घरातल्या वहीत लिहायचं आणि नंतर आपसात फेडायचं. त्या ऑगस्टमध्ये या घराने बाबांच्या मुदत ठेवीतले ७३,००० मोडले असते, तरी ठेवीवरचं बुडालेलं व्याज कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही गेलं नसतं.

४. प्रत्येक नळाला वेगळी चावी

बहुतेक मोठ्या बँकांत मुख्य धारकाला ॲड-ऑन कार्डापुरतं वेगळं लिमिट ठरवता येतं. ॲपमध्ये, नेटबँकिंगवर किंवा फोन करून. कार्ड मागवतानाच ते ठरवावं, कारण काही ठरवलं नाही तर बहुधा पूर्ण लिमिट त्या कार्डाला खुलं राहतं.

हे उप-लिमिट म्हणजे खर्चाची वरची रेघ आहे, राखून ठेवलेली रक्कम नाही. मुलीच्या कार्डाला १५,००० ठरवले, तर ती त्यापुढे जाऊ शकत नाही, एवढंच. आईने आणि बाबांनी मिळून दोन लाख आधीच संपवले असतील, तर मुलीला पंधरा रुपयेही मिळणार नाहीत. आईबाबांनी "तुझे पंधरा हजार तुझ्यासाठी आहेतच" असं मुलीला सांगितलं असेल, तर परगावी तिची पंचाईत होते. आणि उप-लिमिट बिलाच्या दर चक्राला नव्याने सुरू होतं की आधीची रक्कम भरल्यावरच मोकळं होतं, हे बँकेला विचारून घ्यावं. त्यात बँकांची पद्धत एकसारखी नाही.

उप-लिमिटची सोय नसेल तरी दुसरी एक चावी प्रत्येकाकडे आहे. २०२० सालच्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे प्रत्येक कार्डावर ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार, दुकानातलं मशीन, एटीएम आणि टॅप करून पैसे देणं हे सगळं वेगवेगळं चालू-बंद करता येतं, आणि प्रत्येकाला रकमेची मर्यादाही घालता येते. आजोबांच्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच ठेवले तर त्यांचं काही अडत नाही. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे जातात. ज्याच्या हातून वस्तू हरवतात त्याच्या कार्डावर ही सोय बंद ठेवलेली बरी. एटीएममधून रोख काढणं तर ॲड-ऑन कार्डावर सरळ बंद करावं, असं माझं मत आहे. रोख उचलीला बिनव्याजी दिवस नसतात, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, शिवाय उचलीचं शुल्क वेगळं.

ओटीपी कोणाच्या फोनवर येणार हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. काही बँका तो मुख्य धारकाला पाठवतात, काही ॲड-ऑनवाल्याला. तो आईच्या फोनवर येत असेल तर मुलगी दर खरेदीला फोन करून ओटीपी विचारते, आणि ओटीपी फोनवर सांगायची सवय घराला लागते. ठगाला हवी असते ती हीच सवय. तेव्हा बँक देत असेल तर मुलीचा नंबर तिच्या कार्डाला जोडावा आणि व्यवहाराचा एसएमएस आईलाही येईल असं करावं.

आपण न केलेला व्यवहार दिसला तर वेळ फार मोलाची असते. दोष ग्राहकाचा नसेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकाला तोशीस लागत नाही. पण ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार जाईपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, म्हणजे ॲड-ऑनच्या बाबतीत मुख्य धारकाचं. मुलीला आई रागावेल म्हणून तिने चार दिवस गप्प बसणं ही यातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे. कार्ड हातात देतानाच तिला सांगावं : काहीही झालं असलं तरी आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक कर आणि लगेच मला फोन कर, बाकीचं आपण मागाहून बोलू.

५. लिमिट वाढवून मागताना

हॉस्पिटलच्या त्या संध्याकाळनंतर आईला वाटलं, लिमिट चार लाख करून घ्यावं. हा विचार साहजिक आहे आणि त्याला एक चांगली बाजूही आहे. क्रेडिट ब्युरो लिमिटचा किती भाग वापरला हे बघतो. १,४३,००० हा दोन लाखांचा जवळजवळ ७२ टक्के वापर आहे, चार लाखांचा ३६ टक्के. सतत लिमिटच्या काठावर राहणाऱ्या खात्याचा स्कोअर घसरतो, आणि इथे तो आईचा घसरतो, टायर कोणाच्याही गाडीला घातलेले असोत. ३० टक्क्यांच्या आत वापर असावा असं सांगतात, तो नियम नाही, एक अंदाज आहे.

पण आकडा वाढवण्याआधी आईने एक हिशोब करावा. तिन्ही कार्डं पूर्ण वापरली गेली असं समजायचं. तेवढं बिल मी एकटी, पुढच्या सात तारखेपर्यंत, कुठून भरणार? पगारातून ७०,००० निघतात. हाताशी काढता येण्याजोगी बचत लाखभर असेल, तर दोन लाखांचं लिमिटच तिच्या ताकदीच्या थोडं पुढे आहे. नळांना चाव्या न लावता टाकी चार लाखांची केली, तर संकटाच्या वेळी ती भरलेली सापडेल याचीही खात्री नाही, लॅपटॉप आणि टायर मोठ्या टाकीतूनही पाणी घेतातच. या घराने आधी उप-लिमिट ठरवावं : बाबांना ४०,०००, मुलीला १५,०००. मग दोघांनी आपापली रेघ गाठली तरी आईसाठी १,४५,००० उरतात. हॉस्पिटलचं डिपॉझिट त्यात आरामात बसलं असतं.

आणि बाबांचं स्वतःचं उत्पन्न आहे, ते विवरणपत्र भरतात, तर त्यांनी स्वतःच्या नावाचं वेगळं कार्ड घ्यावं हे मला ॲड-ऑनपेक्षा केव्हाही बरं वाटतं. टाकी दुसरी, जबाबदारी त्यांची, पतही त्यांची.

तरीही वाढ हवी असेल, पगार वाढला असेल, तर ती मागण्याची रीत सरळ आहे. ॲपमध्ये बँकेने स्वतःहून देऊ केलेली वाढ दिसत असेल तर ती कागदपत्रांशिवाय होते. नसेल तर पगाराच्या अलीकडच्या पावत्या किंवा आयकराचं विवरणपत्र देऊन अर्ज करायचा. बँक आईचं उत्पन्न आणि तिचाच क्रेडिट रिपोर्ट बघते, ॲड-ऑनवाल्यांचं उत्पन्न धरत नाही. अशा अर्जापायी बँकेने रिपोर्ट मागवला तर त्या चौकशीची नोंद राहते. म्हणून घरकर्जाचा अर्ज येत्या काही महिन्यांत करायचा असेल, तर वाढीचा अर्ज पुढे ढकलावा. नुकतंच एखादं बिल चुकलं असेल तर मागूच नये, नकार ठरलेला. एकाच मोठ्या खर्चासाठी, म्हणजे लग्न किंवा शस्त्रक्रियेसाठी हवं असेल, तर काही बँका ठरावीक दिवसांपुरती वाढ देतात, ते विचारावं.

बँक स्वतःच्या मनाने लिमिट वाढवू शकत नाही, ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, हेही २०२२ च्या निर्देशांत आहे. लिमिटच्या पलीकडे व्यवहार जाऊ देण्यासाठीही अशी संमती लागते, आणि दिली तर वरच्या रकमेवर शुल्क लागतं. तीन माणसं वापरत असलेल्या खात्यावर ही संमती देऊ नये.

याच संमतीच्या आडून फसवणूकही चालते. "मॅडम, तुमचं लिमिट वाढलंय, कन्फर्म करायला आलेला ओटीपी सांगा" असा फोन येतो. वाढ हवी असेल तर आपण ॲपमध्ये जाऊन घ्यावी. फोनवर ओटीपी मागणारा कोणीही असो, फोन ठेवून द्यावा.

६. कमी करून घेताना

लिमिट कमी करून मागता येतं हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मागितलं तर आपली पत उणावेल अशी धास्तीही असते. निवृत्ती जवळ आली, उत्पन्न घटलं, घरात कोणाला ऑनलाइन जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची सवय लागली, किंवा कार्ड फक्त वीजबिल आणि रेल्वे तिकिटासाठीच वापरलं जातं, अशा वेळी लिमिट कमी करणं शहाणपणाचं असतं. कार्डाची माहिती चोराच्या हाती गेली तर तो जास्तीत जास्त किती उडवील, हेही त्या आकड्यावर ठरतं.

रीत अशी : आधी बिल आणि चालू हप्ते बघायचे, कारण जेवढं देणं आहे त्याच्या खाली लिमिट नेता येत नाही. मग ग्राहक सेवेला फोन, ईमेल किंवा ॲपमधून विनंती, नवा आकडा स्पष्ट लिहून, आणि तक्रार क्रमांकासारखा विनंतीचा क्रमांक जपून ठेवायचा. पुढच्या बिलावर नवा आकडा छापलेला दिसला की काम झालं. ॲड-ऑनची उप-लिमिटंही त्याच वेळी नव्याने तपासावीत. एकूण लिमिट ६०,००० केलं आणि बाबांचं उप-लिमिट ४०,००० तसंच राहिलं, तर आईच्या वाट्याला फार थोडं उरेल.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. लिमिट अर्धं केलं आणि खर्च तेवढाच राहिला तर वापराचं प्रमाण दुप्पट दिसतं. आणि पुढे पुन्हा वाढवायचं ठरवलं तर सगळी तपासणी नव्याने होते. त्यामुळे त्रास फक्त एका ॲड-ऑन कार्डापुरता असेल, तर एकूण लिमिटला हात न लावता त्या एकाच कार्डाची रेघ खाली आणावी किंवा ते कार्ड बंद करावं. कधी बँकच आपल्या बाजूने लिमिट कमी करते. तसं केल्यास ग्राहकाला कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. असा एसएमएस आला तर घरातल्या सगळ्यांना लगेच सांगावं, म्हणजे परगावी कोणी अडकणार नाही.

७. कार्ड काढून घेताना, आणि मुख्य धारक नसताना

मुलगी नोकरीला लागली, नवराबायको वेगळे झाले, किंवा भावाला दिलेलं कार्ड आता नको असं ठरलं. अशा वेळी कार्डाचे दोन तुकडे करून भागत नाही. कार्डाचा नंबर शॉपिंगच्या साइटवर, टॅक्सीच्या आणि सिनेमाच्या ॲपमध्ये साठवलेला असतो. आधी ॲपमधून ते ॲड-ऑन ब्लॉक करावं, मग बंद करण्याची लेखी विनंती द्यावी. त्या कार्डावर आपोआप जाणारे हप्ते कोणते आहेत ते आधी बघून दुसरीकडे वळवावेत, नाहीतर एखादा विम्याचा हप्ता नकळत चुकतो. बंद होण्याआधी केलेल्या खरेदीचं देणं मुख्य धारकाकडेच राहतं. घटस्फोटाच्या बोलण्यांत फ्लॅट आणि दागिने निघतात, पण ॲड-ऑन कार्ड कोणाच्या लक्षात येत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बिल येतं. ते पहिल्याच आठवड्यात उरकावं.

मुख्य धारकाचं निधन झालं तर ॲड-ऑन कार्डाचा आधारच संपतो. कार्ड मशीनवर चालतं म्हणून ते वापरत राहणं चूक आहे, मग ते अंत्यविधीच्या खर्चासाठी असलं तरी. मृत्यूनंतरच्या खरेदीचं देणं मृत व्यक्तीचं म्हणता येत नाही, आणि वापरणाऱ्यावर बालंट येऊ शकतं. मृत्यूचा दाखला देऊन बँकेला कळवायचं, सगळी कार्डं ब्लॉक करून घ्यायची आणि त्या तारखेपर्यंतचा हिशोब लेखी मागायचा. तेव्हाच विचारायचं की या कार्डासोबत अपघात विमा होता का. असला तर दाव्याची मुदत ठरलेली असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो.

जुनं देणं मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून फेडलं जातं. वारसांना जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी, स्वतःच्या पगारातून किंवा बचतीतून भरण्याची सक्ती नाही. वसुलीवाला "ॲड-ऑन कार्ड तुमच्याकडे होतं, तेव्हा सगळं तुम्हीच भरा" असं म्हणाला तर त्याच्याकडे करारपत्राची प्रत मागावी आणि ॲड-ऑन धारकाला जबाबदार धरणारं कलम त्यात आहे का ते बघावं. तोवर फोनवर काहीही कबूल करू नये, आणि सहानुभूती म्हणून हजार-दोन हजारही भरू नयेत.